ऑफिसच्या ग्रुपवर ज्येष्ठांचं कौतुक: इमोजी आणि 'झकास', 'भारी' चालतं का? मान कुठे कमी होतो?

केळीपॅक_रावेर
राम राम मंडळी. आमच्या पॅकिंग सेंटरचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ३८ माणसं आहेत: लाईनवरच्या ताया, भरणारे, ड्रायव्हर, हिशोब बघणारे, मालक. गाडी किती वाजता येणार, खोकी किती, पुठ्ठा संपला का, सगळं तिथेच चालतं.

काल रात्री कंटेनर सहाऐवजी अकराला लागला. आमचे सुपरवायझर नाना (वय ६१) थांबले. त्यांनी १३ किलोच्या खोक्यांची वजनं पुन्हा काट्यावर घेतली, ४६ खोकी कमी भरली ती बाजूला काढून नीट भरून घेतली आणि साडेतीनला गाडी सोडली. मला ग्रुपवर सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करायचं आहे. मी नानांपेक्षा निम्म्या वयाचा, पण हुद्द्याने वर. हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही:

"नाना म्हणजे विषयच नाय!! काल रात्री राडा केला 🔥🔥🔥😂👏👏👏👏 किंग 👑"

ग्रुपमधली पोरं असंच लिहितात. कोरडं सरकारी पत्र मला नको. पण हे वाचून नानांना मान मिळाल्यासारखं वाटेल की पोरखेळ वाटेल? नेमकं काय बदलू?

शेवभाजी_धुळे
इमोजी काढून टाका, विषय संपला. साठीच्या माणसाला चित्रं कशाला? "धन्यवाद" लिहा आणि मोकळे व्हा.

गिरणाकाठ
शेवभाजी, नुसतं "धन्यवाद" तर पुठ्ठा उतरवून देणाऱ्यालाही लिहितात. नाना पहाटे साडेतीनपर्यंत उभे होते, त्याला ते पुरणार नाही. आणि साठीची माणसंच रोज सकाळी फुलांची, समईची चित्रं पाठवतात. चित्रांचं त्यांना वावडं नाही.

हिशोबनीस_जळगाव
मसुद्यातल्या गोष्टी एकेक करून बघू. अडचण इमोजीपेक्षा शब्दांत जास्त आहे.

मराठीत मान असतो तो क्रियापदात आणि हाकेत. समोरासमोर बोलताना आवाज असतो, मान झुकते, हात जोडले जातात, त्यामुळे "राडा केला नाना" हे प्रेमाचं आहे हे कळतं. चॅटमध्ये आपण "तुम्ही" गाळतो, कारण मराठीत ते गाळलं तरी वाक्य उभं राहतं. मग मान सांगायला उरतं फक्त क्रियापदाचं शेपूट. "राडा केला" यात कोणी केला, नानांनी की एखाद्या पोराने, हे त्या वाक्यावरून कळत नाही. "तुम्ही" परत आणा, निम्मं काम तिथेच होतं.

दुसरं म्हणजे, चालू शब्दांचे दोन प्रकार करा. एक शब्द कामाला लागतो: झकास काम, भारी नियोजन, एक नंबर पॅकिंग. दुसरा माणसाला लागतो: किंग, वाघ, डॉन, विषयच नाय. कामाला लावलेला चालू शब्द ज्येष्ठाला सहसा खुपत नाही, कारण त्यांचं नाव आणि नातं जागेवर राहतं. माणसाला लावलेला शब्द त्यांना नवीन नाव देतो, आणि मोठ्यांना नाव ठेवायचा हक्क धाकट्याला नसतो. "किंग 👑" तिथे अडतं.

तिसरं 😂. कौतुकाच्या ओळीत हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आला की वाचणारा विचारतो, हसताय कशाला? त्या रात्री हसण्यासारखं काहीच नव्हतं. तो काढाच.

पाचोरा_पॅसेंजर
आणि 🔥! केळीत चालेल एकवेळ. जिनिंगवाल्यांच्या ग्रुपवर कापसाच्या दिवसांत कोणी नुसते तीन 🔥 टाकले तर आधी पाण्याच्या टाकीकडे पळतील. आमच्या ग्रुपवर हे चित्र फक्त आगीच्या सूचनेसाठी ठेवलंय. कौतुकात वापरायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं आहे.

सातपुडा_वारा
हे आवडलं. प्रत्येक धंद्याचं एक चित्र राखीव असतं. भावाच्या ग्रुपवर 👍 तसंच आहे. बुऱ्हाणपूरचा भाव आला, कोणी आपला दर टाकला आणि खाली अंगठा आला, की पुढचा त्याला होकार समजून गाडी लावतो. म्हणून ज्या ग्रुपवर सौदे होतात तिथे कौतुकाला 👍 नको.

मुक्ताईनगरकर
अंगठा तर पाठवूच नका कोणाला! कोर्टाने अंगठ्याला सही मानलंय. उद्या कोणी म्हणेल, तुम्ही पगारवाढ मंजूर केली.

हिशोबनीस_जळगाव
मुक्ताईनगरकर, ती गोष्ट खरी आहे, पण निम्मी. तो खटला कॅनडातला, सस्कॅचेवान प्रांतातला, निकाल २०२३ चा. जवसाच्या खरेदीचा करार होता. खरेदीदाराने कराराचा फोटो पाठवून "करार पक्का करा" असं लिहिलं आणि शेतकऱ्याने 👍 पाठवला. त्या दोघांचे आधीचे सौदेही असेच छोट्या निरोपांवर झाले होते, म्हणून कोर्टाने अंगठा होकार धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास भरपाई लावली. म्हणजे सातपुडा म्हणतात तेच: सौद्याच्या बोलण्यात अंगठा म्हणजे होकार.

आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये दुसरं प्रकरण आलं. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाने ग्रुपवर आलेल्या अधिकाऱ्याच्या हत्येच्या बातमीखाली 👍 टाकला, म्हणून त्याला नोकरीवरून काढलं होतं. कोर्टाने म्हटलं की अंगठा "ठीक, वाचलं" या अर्थानेही असतो, तो आनंद साजरा करणं नाही. तेच चित्र, पण वर काय लिहिलंय त्यावर अर्थ ठरला. कौतुकाशी याचा संबंध एवढाच: अंगठ्यात "वाचलं" हाच अर्थ आधी येतो. रात्रभर थांबलेल्या माणसाला "वाचलं" पुरत नाही.

धुळ्याची_लेक
माझा वेगळा प्रश्न आहे, मधेच घुसवते. आमच्या ग्रुपवर साहेब माझ्या प्रत्येक रिपोर्टवर ❤️ टाकतात. इतरांनाही टाकतात, मला एकटीला नाही. तरी मला ते नको वाटतं. काय करायचं?

गिरणाकाठ
ताई, तुमचा प्रश्न मधे घुसलेला नाही, याच विषयातला आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरला की आधी ठरावीक चित्रं वर येतात. रिॲक्शन २०२२ मध्ये आल्या तेव्हा ती सहा होती: 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏. त्यात 👏 नव्हतं, त्यासाठी शेजारच्या + वर जावं लागतं. पुष्कळ साहेब लोक + पर्यंत जातच नाहीत. कौतुक करायचं म्हटलं की समोर अंगठा नाहीतर बदाम. त्यामुळे हेतू वाईट असेलच असं नाही.

पण हेतू चांगला असला म्हणून तुम्ही ते सोसायला हवं असंही नाही. एक ओळ खाजगीत लिहून बघा: "सर, रिपोर्ट आवडला तर 👍 किंवा 👏 टाकलं तरी कळतं, ❤️ नको." कारण द्यायची गरज नाही.

तापीकाठची_मास्तरीण
गिरणाकाठ बरोबर सांगताहेत, त्यात एक भर. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात समोरच्या बाईला ते नकोसं होतं का, याला महत्त्व आहे. एका बदामाने कोणी लगेच गुन्हेगार होत नाही, पण "नको" सांगितल्यावरही चालू राहिलं तर तो मुद्दा अंतर्गत समितीपुढे नेता येतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अशी समिती असायलाच हवी. तुम्ही सांगितल्याची तारीख राहील असं लेखीच सांगा, तोंडी नको.

आता नानांकडे येते. हिशोबनीसांचं क्रियापदाचं म्हणणं पटलं, पण ते अर्धंच लागू केलंय. "तुम्ही केलं" नको, "तुम्ही केलंत" हवं. तो शेवटचा त म्हणजेच मान.

सातपुडा_वारा
मास्तरीणबाई, इथे मी भांडणार. "केलंत, दिलंत, आलात" हे पुण्याकडचं. रावेर-यावलला "तुम्ही केलं" हेच आदराचं बोलणं आहे. मी "नाना, तुम्ही भारी काम केलं" म्हणतो तेव्हा त्यात काही कमी नसतं. उलट "केलंत" लिहिलं तर नाना विचारतील, हे पोरगं आज परक्यासारखं का बोलू राहिलं? इथे मान "नाना" या हाकेत आणि "तुम्ही" मध्ये आहे.

तापीकाठची_मास्तरीण
बोलण्यात मान्य. पण हा मेसेज लिहिलेला आहे, आणि ग्रुपमध्ये मालक आहेत, कदाचित बाहेरगावचे लोकही आहेत. लिहिताना प्रमाण मराठी वापरावी असं मला वाटतं.

आसोद्याचं_भरीत
मग अहिराणीत लिहा ना! "नाना, तुमनं काम भलतं भारी शे." घरचं वाटेल.

सातपुडा_वारा
नानांची घरची बोली अहिराणी असेल तरच. रावेरकडे तावडी आणि लेवा बोली बोलणारेही पुष्कळ आहेत. दुसऱ्याची बोली उसनी घेऊन कौतुक केलं की ती नक्कल वाटते, आणि नक्कल म्हणजे चेष्टा असा अर्थ लागायला वेळ लागत नाही. स्वतःची बोली असेल तर जरूर लिहा, ग्रुपवर सगळ्यांना कळत असेल तर.

आसोद्याचं_भरीत
हे खरंय. मान्य.

धरणगाव_एक्स्प्रेस
एक विचारू का, कोणी बोललं नाही अजून. मी वयाने लहान आणि हुद्द्यानेही लहान असेन तर? साहेबांनी चांगलं काम केलं तर "शाब्बास सर 👏" लिहू शकतो?

हिशोबनीस_जळगाव
"शाब्बास" वरून खाली जातं, खालून वर जात नाही. "छान केलंत सर", "गुड जॉब सर" हेसुद्धा मास्तरने वहीत शेरा मारल्यासारखं वाटतं, कारण त्यात तुम्ही साहेबांचं काम तपासून पास केलेलं असतं. लहान माणसाने मोठ्याचं कौतुक करायचं असेल तर गुण न देता आपल्याला काय उपयोग झाला ते सांगावं: "सर, तुम्ही काल गेट पासची यादी आधीच पाठवली म्हणून आमच्या दोन गाड्या थांबल्या नाहीत. 🙏" यात एकही विशेषण नाही, तरी कौतुक पोचतं.

केळीपॅक यांची गंमत वेगळी आहे: वयाने लहान, हुद्द्याने मोठे. त्यांना शाब्बास म्हणायचा हक्क हुद्द्याने आहे, पण वयाने नाही. दोन्ही एकत्र आले तर खान्देशात वय जिंकतं. म्हणून त्यांनीही उपयोग सांगण्याचीच वाट धरावी.

केळीपॅक_रावेर
सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. बघा:

"नाना, काल गाडी पाच तास उशिरा आली तरी तुम्ही थांबले आणि सगळी वजनं पुन्हा काट्यावर घेतली. ४६ खोकी कमी भरली होती ती तुम्ही पकडली. तशीच गेली असती तर पार्टीने माल परत लावला असता. झकास काम नाना. मनापासून आभार 🙏👏"

गिरणाकाठ
खूप सुधारलं. 🙏👏 एवढंच पुरे.

लाईनवरची_ताई_फैजपूर
मी वेगळं सांगते. ती ४६ खोकी कोणी भरली होती? लाईनवरच्या बायांनीच ना? ३८ माणसांच्या ग्रुपवर मालकासमोर "४६ खोकी कमी भरली होती" लिहिलं की नानांचं कौतुक आणि बायांचा पंचनामा एकाच ओळीत झाला. सकाळी त्या कामावर येतील त्या मान खाली घालून. नानांनाही ते आवडणार नाही, त्यांना त्याच बायांकडून काम करून घ्यायचंय.

आणि वजन कमी भरलं म्हणजे चुकलंच असंही नाही. सकाळी भरलेलं खोकं रात्री अकरापर्यंत बाहेर राहिलं तर फण्यांवरचं धुतलेलं पाणी वाळतं, काठावर भरलेलं खोकं काट्यावर थोडं कमी दाखवू शकतं. उशीर गाडीचा, बोल मात्र बायांना.

हिशोबनीस_जळगाव
ताई, हे माझ्याकडून पूर्ण सुटलं होतं. ग्रुपवरचं कौतुक नेमकं हवं, पण नेमकेपणा ज्याचं कौतुक आहे त्याच्या कामाचा हवा, दुसऱ्याच्या चुकीचा नको. "काय वाचवलं" ते लिहा, "कोणामुळे बिघडत होतं" ते लिहू नका. ४६ चा आकडा नाना आणि केळीपॅक यांच्या खाजगी बोलण्यात किंवा वजनाच्या रजिस्टरमध्ये राहू द्या.

पाचोरा_पॅसेंजर
आणि त्या रात्री गाडी भरणारे हमाल? दीड हजाराच्या वर खोकी नानांनी एकट्याने चढवली नाहीत. त्यांचा एक शब्द येऊ द्या, नाहीतर पुढच्या वेळी अकराला कोणी थांबणार नाही.

धुळ्याची_लेक
मघाच्या उत्तरांसाठी आभार गिरणाकाठ दादा आणि बाई. मी लिहून पाठवलं. उत्तर आलं: "ठीक आहे, लक्षात ठेवतो." बास.

मी आमच्या ऑफिसचा ग्रुप सांभाळते म्हणून एक कामाची गोष्ट सांगते. केळीपॅक यांनी मेसेज टाकला आणि खाली तीस जणांनी 👏 रिॲक्शन दिल्या, तर त्यांची सूचना कोणाच्या फोनवर वाजते? मेसेज लिहिणाऱ्याच्या, म्हणजे केळीपॅक यांच्या. नानांच्या फोनवर एकही वाजणार नाही. ग्रुप उघडून तो मेसेज पाहिला तरच त्यांना दिसेल. म्हणून ज्यांना खरंच नानांना काही म्हणायचंय त्यांनी एक ओळ लिहावी, रिॲक्शनवर थांबू नये.

केळीपॅक_रावेर
अरे, हे माहीतच नव्हतं. मग @ लावून नानांचं नाव घालतो.

धुळ्याची_लेक
घाला, त्याने त्यांना सूचना जाते. पण @ लावलं की प्रत्येकाच्या फोनवर ते नाव ज्याने जसं सेव्ह केलंय तसं दिसतं. कोणाकडे "नाना पॅकिंग", कोणाकडे नुसतं आडनाव, कोणाकडे आणखी काही. "नाना" ही हाक त्यात येत नाही. म्हणून @ च्या पुढे "नाना," वेगळं लिहा. अशी दोनदा हाक वाईट दिसत नाही.

चुकलं तर १५ मिनिटांत एडिट करता येतं, पण "एडिट केलं" अशी खूण राहते. आणि चुकून दुसरी रिॲक्शन पडली तर आपल्याच रिॲक्शनवर टिचकी मारून काढता येते, पण तोवर समोरच्याने पाहिलेली असू शकते.

आसोद्याचं_भरीत
थोडं विषयांतर, पण चित्रांचंच आहे. आमच्याकडे थंडीत भरीत पार्टी ठरते. पोरं ग्रुपवर "वर्षभराचं टार्गेट झालं, पार्टी 🍆🍆🍆" लिहितात. आपल्याला ते भरताचं वांगं, पण या चित्राचा बाहेर फार घाणेरडा अर्थ चालतो. मुंबईचे खरेदीदार ग्रुपवर असतील तर नका टाकू. 🍌 चंही तेच. रावेरात 🍌 म्हणजे पोटापाण्याचा धंदा, बाहेरच्या माणसाला ते कळेलच असं नाही.

केळीपॅक_रावेर
आमच्या ग्रुपचं चित्रच 🍌 आहे 😄 ते ठेवणार. मालाच्या फोटोखाली ठीक, माणसाच्या कौतुकात नको, एवढं ठरवतो.

शेवभाजी_धुळे
मी सुरुवातीला "काढून टाका" म्हणालो होतो. आता माझं म्हणणं: 🙏 ठेवा, बाकी काढा. 🙏 साठीच्या माणसाला लगेच कळतं.

गिरणाकाठ
🙏 मध्येही एक खाच आहे. आपल्या ग्रुपांवर तेच चित्र श्रद्धांजलीखालीही येतं. त्याच दिवशी वर कोणाच्या निधनाची बातमी असेल आणि खाली नुसतं "नाना 🙏🙏🙏" आलं, तर घाईत वाचणारा घाबरतो. 💐 चंही तसंच. म्हणून चित्र वाक्याच्या शेवटी, "आभार" शब्दाला चिकटून. एकटं नको.

मुक्ताईनगरकर
आणि नानांनी उत्तर म्हणून नुसतं 🙏 पाठवलं तर नाराज होऊ नका. पोरांना ते कोरडं वाटतं, मोठ्यांसाठी ते पूर्ण उत्तर असतं. आमच्या वडिलांचं सगळ्याला तेच उत्तर.

धरणगाव_एक्स्प्रेस
🫡 कसं? सलाम ठोकणारा चेहरा. नानांना सलाम!

धुळ्याची_लेक
नवं चित्र आहे. फोन जुना असेल आणि अपडेट नसेल तर त्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. सलाम पाठवला आणि पोचला डबा. 🙏 आणि 👏 जुन्या फोनवरही दिसतात.

केळीपॅक_रावेर
हे शेवटचं. उद्या सकाळी साडेनऊला, सगळे कामावर आल्यावर टाकतो. रात्री टाकून कोणाची झोप मोडत नाही.

"@नाना नाना, परवा गाडी पाच तास उशिरा आली तरी तुम्ही थांबले, पूर्ण मालाची वजनं पुन्हा काट्यावर घेतली आणि साडेतीनला गाडी सोडली. त्यामुळे माल पूर्ण वजनाने गेला, पार्टीकडून तक्रारीला जागा राहिली नाही. झकास काम. तुमचे आणि रात्री थांबलेल्या भरणाऱ्या सगळ्या भावांचे मनापासून आभार 🙏👏"

४६ चा आकडा काढला. लाईनवरच्या तायांशी मी वजनाचं वेगळं बोलणार, आणि उशिरा येणाऱ्या गाडीसाठी खोकं भरतानाच थोडं जास्त भरायचं का, हे त्यांनाच विचारणार.

लाईनवरची_ताई_फैजपूर
हे बरं झालं. किती जास्त भरायचं ते काट्यावर बघून ठरवा, अंदाजाने नको. जास्त भरलं तर झाकण दाबताना वरची फणी घासते, साल काळी पडते.

तापीकाठची_मास्तरीण
"तुम्ही थांबले" च्या जागी "थांबलात" करा, एवढं ऐका माझं.

सातपुडा_वारा
नका करू. नानांना "थांबले" च ओळखीचं आहे.

केळीपॅक_रावेर
दोघांचं पटतंय, म्हणून अडकलोय. उद्या साडेनऊपर्यंत वेळ आहे, अजून कोणाचं मत असेल तर लिहा.